साडेब्याऐंशी म्हणजे ८२.३० नव्हे

भारताची प्रमाणवेळ कोणत्या रेखावृत्तावरून ठरते, हा भूगोलाच्या पेपरातला जुना प्रश्न. उत्तर आपल्याला झोपेतही पाठ असते: ८२ अंश ३० मिनिटे पूर्व. हेच उत्तर दशांश चिन्ह देऊन लिहा म्हटले, की चांगली शिकलेली माणसेही ८२.३० लिहून मोकळी होतात. खरे उत्तर ८२.५ आहे.

गंमत म्हणजे आपल्या तोंडाला हे आधीपासून ठाऊक असते. साडेसात वाजले म्हणतो तेव्हा घड्याळात ७:३० दिसतात, पण ‘साडे’ म्हणजे अर्धा. साडेसात तासांची मजुरी काढायची असेल तर कोणी ताशी दराला ७.३० ने गुणत नाही, ७.५ नेच गुणतो. सव्वा म्हणजे पंधरा मिनिटे आणि पाव, पावणे म्हणजे पंचेचाळीस मिनिटे आणि पाऊण. तसे पाहिले तर आपले प्रमाण रेखावृत्त साडेब्याऐंशी अंशांवर आहे.

पडताळून पाहायचे असेल तर हिशेब सोपा आहे. पृथ्वीला एक अंश फिरायला चार मिनिटे लागतात. ८२.५ गुणिले ४ म्हणजे ३३० मिनिटे, बरोबर साडेपाच तास. ग्रीनिचच्या वेळेहून आपण तितकेच पुढे आहोत. ८२.३० धरले तर ३२९.२ मिनिटे येतात, आणि साऱ्या देशाचे घड्याळ ४८ सेकंद मागे पडते.

घड्याळाची ४८ सेकंदे कोणाच्या लक्षातही येणार नाहीत. नकाशावर मात्र हीच चूक गावेच्या गावे उचलून दुसऱ्या जिल्ह्यात नेऊन ठेवते. मला ते कळले आमच्या भटक्या मंडळींच्या एका यादीमुळे.

लोणार परतूरकडे सरकले

आम्ही काही मित्र गेली अनेक वर्षे गड, लेणी, बारवा असे काहीबाही पाहत हिंडतो. प्रत्येकाच्या वहीत ठिकाणांचे अक्षांश-रेखांश लिहिलेले. कोणी ते गॅझेटियरमधून उतरवले, कोणी हातातल्या जीपीएस यंत्रावरून टिपले, कोणी सर्व्हेच्या नकाशावर पट्टी ठेवून मोजले. त्या सगळ्याची एकच यादी करायची आणि ती मोबाइलच्या नकाशावर टाकायची, असे ठरले. नकाशाला दोन स्वच्छ रकाने हवे होते, एक अक्षांशाचा आणि एक रेखांशाचा, दोन्हींत दशांशातले साधे आकडे. यादी टंकण्याचे काम आमच्यातल्या एका निवृत्त बँक अधिकाऱ्यांनी अंगावर घेतले. आकड्यांत त्यांचा हात धरणारा कोणी नाही.

पहिल्यांदा नकाशा उघडला तेव्हा सगळी ठिकाणे महाराष्ट्रातच दिसली आणि आम्ही खूश झालो. मग कोणीतरी लोणारवर बोट ठेवले. बुलढाणा जिल्ह्यातले ते सरोवर जालना जिल्ह्यात, परतूर आणि मंठ्याच्या मधल्या भागात कुठेतरी शेतात उमटले होते.

मूळ नोंद बरोबर होती. लोणार विवराचा मध्य १९°५८′३६″ उत्तर आणि ७६°३०′३०″ पूर्व असा लिहिला होता. यादीत तो १९.५८३६ आणि ७६.३०३० झाला होता. खुणा काढून टाकल्या, पहिल्या खुणेच्या जागी टिंब दिले, बाकीचे आकडे जोडून लिहिले. दिसायला ते अगदी दशांशासारखेच दिसते, आणि त्यामुळेच ते घातक आहे.

अंश, कला, विकला

पंचांग पाहणाऱ्याला ही चूक सहसा होणार नाही. ग्रहाचे स्थान तिथे राशी, अंश, कला आणि विकला अशा चार आकड्यांत दिलेले असते. एका अंशाच्या साठ कला, एका कलेच्या साठ विकला. वेळेलाही जुना हिशेब साठाचाच: एका दिवसाच्या साठ घटका, एका घटकेची साठ पळे. नकाशावरचे मिनिट म्हणजे आपली कला आणि सेकंद म्हणजे विकला. साठाची ही मोजणी बाबिलोनच्या काळापासून चालत आली आहे. साठाला दोन, तीन, चार, पाच, सहा, दहा, बारा अशा पुष्कळ आकड्यांनी निःशेष भाग जातो, म्हणून हातांनी हिशेब करणाऱ्यांना ती सोयीची पडली.

दशांशाचा रकाना मात्र दहाच्या मापाने चालतो. त्यात टिंबानंतरचा पहिला आकडा अंशाचा दहावा भाग सांगतो, दुसरा शंभरावा. म्हणून रूपांतर करायचे म्हणजे साठाच्या मापातला उरलेला तुकडा दहाच्या मापात मोजायचा. कलांना ६० ने भागायचे, विकलांना ३६०० ने भागायचे आणि दोन्ही अंशांत मिळवायचे.

लोणारच्या अक्षांशात ५८ मिनिटे आहेत. ५८ भागिले ६० म्हणजे ०.९६६६७. सेकंदे ३६, भागिले ३६०० म्हणजे बरोबर ०.०१. बेरीज १९.९७६६७. मनाशी पडताळून पाहा: ५८ मिनिटे म्हणजे जवळजवळ पूर्ण अंश, तेव्हा उत्तर विसाच्या उंबरठ्यावर यायलाच हवे. १९.५८ तिथे शोभतच नाही. रेखांशातली ३० मिनिटे म्हणजे अर्धा अंश, ०.५. वरची ३० सेकंदे म्हणजे ०.००८३३. बेरीज ७६.५०८३३, म्हणजे साडेशहात्तर आणि वर किंचित.

चुकीचा अक्षांश खऱ्यापेक्षा ०.३९ अंशांनी कमी होता. अक्षांशाचा एक अंश सुमारे १११ किलोमीटरांचा असतो, तेव्हा बिंदू त्रेचाळीस-चव्वेचाळीस किलोमीटर दक्षिणेला घसरला. रेखांशातल्या चुकीने तो एकवीस-बावीस किलोमीटर पश्चिमेला गेला. सरळ रेषेत मोजले तर सुमारे ४८ किलोमीटर. लोणारच्या विवराचा व्यास जेमतेम १.८ किलोमीटर आहे.

एकोणसाठची खूण

खरी पंचाईत पुढे होती. ही चूक प्रत्येक ओळीत सारखी नसते. ज्या ठिकाणाची मिनिटे शून्याजवळ असतात तिथे ती जवळजवळ दिसत नाही, मिनिटे जितकी साठाजवळ जातील तितकी ती वाढत जाते. एखादे ठिकाण दोन किलोमीटर हलते, एखादे पन्नास. बिंदू सहसा राज्याबाहेर पळत नाही. मग दीडशे ओळींच्या यादीत कोणत्या ओळी बिघडल्या हे ओळखायचे कसे? प्रत्येक ठिकाण डोळ्यांनी नकाशावर तपासत बसायचे?

आमच्या बँकवाल्यांनीच ती खूण शोधली. मिनिटे कधीही ५९ च्या वर जात नाहीत. म्हणजे मिनिटे तशीच टिंबापुढे चिकटवली असतील, तर टिंबानंतरच्या पहिल्या दोन आकड्यांत ६० ते ९९ यांतले काही येणारच नाही. खऱ्या दशांशात हे दोन आकडे ०० ते ९९ कुठलेही असू शकतात. ठिकाणे राज्यभर विखुरलेली असतील तर साधारण दहातली चार ६० च्या वर असायला हवीत. एका वहीतून आलेल्या वीस ओळींपैकी एकीतही ६० च्या वरचा आकडा नसेल, तर तो योगायोग पंचवीस हजारांत एकदाही घडायचा नाही. ती वही बिघडलेली आहे असे खुशाल समजावे. टिंबानंतरचा तिसरा-चौथा आकडाही कधी ५९ च्या वर जात नसेल, तर शंकेला जागाच उरत नाही.

पण ही खूण पूर्ण रकान्यासाठी आहे, एकट्या ओळीसाठी नाही. नुसते १९.५८३६ पाहून ते खरे दशांश आहे की चिकटवलेली मिनिटे, हे कोणीही सांगू शकत नाही. म्हणून मूळ नोंद जशी मिळाली तशीच पहिल्या रकान्यात ठेवावी आणि तिला कधी हात लावू नये. आमच्या यादीत मूळ नोंदी पुसून त्यांच्यावरच नवे आकडे लिहिले गेले होते. वह्या घरोघरी जपलेल्या होत्या म्हणून निभावले.

तुकडे करावे, मग बेरीज

दुसऱ्या खेपेला आम्ही शिस्तीने काम केले. मूळ नोंद ब रकान्यात जशीच्या तशी ठेवली. तिचे चार तुकडे पाडले: अंश, मिनिटे, सेकंदे आणि दिशा. मग त्या चार तुकड्यांवरून एक दशांश आकडा काढला. नोंदी थोड्या असतील तर तुकडे हातानेच टंकलेले बरे. आमच्या खूप होत्या, म्हणून गूगल शीट्समधले मजकुरातून आकडे वेचणारे सूत्र वापरले.

पहिल्यांदा लिहिलेल्या सूत्राचा अर्थ असा होता: काही आकडे, मग आकडे नसलेले काहीही, मग पुन्हा आकडे, पुन्हा आकडे नसलेले काहीही, शेवटी सेकंदे आणि दिशेचे अक्षर. खुणा कुठल्या आहेत याची त्याला फिकीर नव्हती, आणि ते हवेच होते. कारण एकाने मिनिटाची खूण सरळ दिली होती, दुसऱ्याने वाकडी, तिसऱ्याने सेकंदासाठी दोन एकेरी खुणा शेजारी शेजारी टंकल्या होत्या. अंशाच्या गोलाची तर तीन रूपे निघाली. डोळ्यांना ती सारखीच वाटतात, संगणकाला निराळी.

पण ‘आकडे नसलेले काहीही’ यात टिंबही येते, आणि तिथे आम्ही दुसऱ्यांदा फसलो. हातातली बरीच जीपीएस यंत्रे सेकंदे दाखवतच नाहीत. ती मिनिटेच दशांशात देतात, १९°५८.६′ अशी. हे ०.६ म्हणजे मिनिटाचे सहा दशांश, छत्तीस सेकंदे. आमच्या सूत्राने टिंबाला खूण समजून गिळले आणि नोंद ५८ मिनिटे ६ सेकंदे अशी वाचली. तीस सेकंदे गेली, म्हणजे नऊशे मीटरांहून थोडे अधिक. रेखांशातले ३०.५ मिनिटेही याच तऱ्हेने ३० मिनिटे ५ सेकंदे झाले. सरोवराच्या मधोमध असायचा तो बिंदू विवराच्या कडेबाहेर जाऊन बसला. जिल्हा बरोबर, तालुका बरोबर, जागा मात्र चुकीची. अशी चूक पकडणे सगळ्यांत अवघड.

सुधारलेल्या सूत्रात टिंबाला मधल्या जागी मज्जाव केला:

```
C2: =REGEXEXTRACT(TRIM(B2),"^(\d+)[^\d.]+(\d+)[^\d.]+([\d.]+)[^\d.]*([NSEW])$")
G2: =ROUND(IF(OR(F2="S",F2="W"),-1,1)*(C2+D2/60+E2/3600),5)
```

पहिली ओळ C, D, E आणि F या चार रकान्यांत तुकडे टाकते, दुसरी त्यांची बेरीज करून चिन्ह लावते. अक्षांशासाठी एकदा आणि रेखांशासाठी एकदा असे दोनदा करायचे. आता दशांश मिनिटांची नोंद आली किंवा सेकंदेच नसलेली आली, तर सूत्र चुकीचे उत्तर देण्याऐवजी `#N/A` दाखवते. आमच्या यादीत अशा बऱ्याच ओळी निघाल्या. त्या हाताने पाहिल्या. रकान्यातली दिसणारी चूक बरी, गुपचूप चुकलेला आकडा नको.

सेकंदे नसलेल्या नोंदींबद्दल एक सांगितले पाहिजे. इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटियरमध्ये गावांचे अक्षांश-रेखांश बहुधा अंश आणि मिनिटांतच दिलेले आहेत. एक मिनिट म्हणजे जवळजवळ १.८५ किलोमीटर. अशा नोंदीत सेकंदांच्या जागी शून्य भरून दशांश काढता येतो, पण तो आकडा गावाचा पत्ता सांगतो, बारवेचा नाही. शेजारच्या रकान्यात ‘फक्त मिनिटांपर्यंत’ असा शेरा लिहावा, नाहीतर पुढच्या माणसाला ते शून्य मोजलेले वाटते.

तारखा, देवनागरी अंक आणि ‘प’

काहींनी खुणांच्या भानगडीत न पडता मध्ये आडव्या रेघा टाकल्या होत्या: 18-10-05. इथे स्प्रेडशीटने आपली हुशारी चालवली आणि ती १८ ऑक्टोबर २००५ अशी तारीख करून टाकली. मिनिटे बाराच्या आत असतील तर महिना म्हणून खपून जातात. 19-58-36 मध्ये अठ्ठावन्नावा महिना नसतो, म्हणून ती नोंद मजकूरच राहते. परिणामी एकाच रकान्यात काही ओळी तारखा आणि काही ओळी मजकूर, अशी खिचडी होते. टंकण्याच्या आधीच तो रकाना ‘साधा मजकूर’ असा ठरवून घेतला की हे टळते.

याच्या उलट एक सोय आहे. मध्ये विसर्गासारखी दोन टिंबे देऊन 19:58:36 असे लिहिले, तर स्प्रेडशीट त्याला वेळ समजते आणि पोटात दिवसाचा भाग म्हणून साठवते. त्या खान्याला २४ ने गुणून उत्तर साध्या आकड्याच्या रूपात पाहिले, की १९.९७६६७ मिळते. साठाची भागाकारे आपोआप होतात, कारण वेळ आणि अंश दोन्ही एकाच मापाने कापलेले आहेत.

मराठीतून टंकलेल्या वह्यांनी आणखी दोन धडे दिले. पहिला देवनागरी अंकांचा. गूगल शीट्सच्या सूत्रातला `\d` फक्त 0 ते 9 या इंग्रजी अंकांना अंक मानतो. १९ लिहिले तर त्याला ती अक्षरे वाटतात. उपाय कंटाळवाणा पण खात्रीचा आहे: शोधा-आणि-बदला दहा वेळा चालवायचे, ० साठी 0 पासून ९ साठी 9 पर्यंत. मूळ रकाना शाबूत ठेवून त्याच्या प्रतीवर हे करावे.

दुसरा धडा दिशांचा. इंग्रजीत चारही दिशांची पहिली अक्षरे वेगळी आहेत. मराठीत पूर्व आणि पश्चिम दोन्ही ‘प’ वर सुरू होतात. आपल्या डोळ्यांना ‘पू’ एक अक्षर दिसते, संगणक मात्र ‘प’ आणि त्याचा ऊकार वेगवेगळे साठवतो. ‘दिशेचे पहिले अक्षर घे’ असे सूत्र दिले की पूर्वेचाही ‘प’ आणि पश्चिमेचाही ‘प’. त्यानंतर ‘प असेल तर उणे चिन्ह लाव’ अशी अट असेल, तर सगळा महाराष्ट्र पृथ्वीच्या पलीकडे जातो. लोणार उणे ७६.५०८ रेखांशावर गेले तर ते क्यूबाच्या दक्षिण किनाऱ्याला लागते. म्हणून बदलताना पूर्ण शब्द घ्यावेत, ‘पूर्व’ साठी E आणि ‘पश्चिम’ साठी W. नोंदीत नुसती ‘पू’ आणि ‘प’ असतील तर आधी ‘पू’ बदलावा, मग उरलेला ‘प’.

उणे चिन्ह कोणाला लागते

महाराष्ट्रातल्या यादीत उणे चिन्हाची गरज पडत नाही, कारण आपण विषुववृत्ताच्या उत्तरेला आणि ग्रीनिचच्या पूर्वेला आहोत. दशांशाच्या रकान्यात दिशेचे अक्षर नसते, तिचे काम चिन्ह करते: दक्षिण आणि पश्चिम उणे. आमच्यातल्या एकाने मराठी माणसे पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मॉरिशसमधली ठिकाणेही जोडली, तेव्हा हा प्रश्न आला. राजधानी पोर्ट लुईस साधारण २०°०९′४२″ दक्षिण आणि ५७°३०′ पूर्व. उणे चिन्ह विसरले तर हे बंदर ओमानच्या वाळवंटात निघते.

चिन्ह लावण्याचीही रीत आहे. अंशांच्या रकान्यात −२० लिहून त्यात नेहमीप्रमाणे मिनिटे मिळवली, तर उणे वीस अधिक ०.१६ म्हणजे उणे १९.८४ येते. मिनिटे विषुववृत्तापासून दूर न्यायला हवी होती, ती उलट त्याच्याकडे घेऊन आली. बिंदू ३६ किलोमीटर उत्तरेला, समुद्रात. आधी सगळे धन आकडे मिळवून २०.१६१६७ करायचे आणि सगळ्या बेरजेला मिळून उणे लावायचे. वरच्या सूत्रात कंस आहेत ते त्यासाठीच.

लंडनचे प्रकरण आणखी नाजूक. त्याचा रेखांश ०°०७′३९″ पश्चिम. अंशांच्या रकान्यात उणे शून्य लिहिले तरी स्प्रेडशीट ते शून्यच करते आणि चिन्ह हरवते. शहर सतरा-अठरा किलोमीटर पूर्वेला सरकते. दिशा वेगळ्या रकान्यात अक्षर म्हणून ठेवली की हा घोटाळा होतच नाही.

रकाना खरा की खोटा

सगळे झाल्यावर आम्ही तीन तपासण्या केल्या, आणि त्या कुठल्याही यादीला कराव्यात. पहिली चौकटीची. महाराष्ट्र अक्षांशात साधारण १५.६ ते २२.१ आणि रेखांशात ७२.६ ते ८०.९ यांच्यात बसतो. दोन्ही पल्ले एकमेकांपासून दूर असल्याने रकाने उलटसुलट झाले तर चटकन कळते. लोणारचे आकडे उलटे टाकले तर ते स्वालबार्डजवळच्या आर्क्टिक समुद्रात दिसते. ही अदलाबदल फार होते, कारण नकाशावर शोधताना आपण आधी अक्षांश टंकतो, पण नकाशाच्या `KML` आणि `GeoJSON` प्रकारच्या फाइलींत आधी रेखांश लिहायचा असतो.

दुसरी तपासणी उलट्या हिशेबाची. १९.९७६६७ मधला दशांश ०.९७६६७ घ्या, ६० ने गुणा: ५८.६००२. म्हणजे ५८ मिनिटे. उरलेले ०.६००२ पुन्हा ६० ने गुणा: ३६.०१ सेकंदे. मूळ नोंदीशी जुळले. जी ओळ परत जुळत नाही ती कुठेतरी चुकली आहे. तिसरी तपासणी डोळ्यांची: उपग्रहाच्या चित्रावर न चुकता ओळखू येतील अशी चार-पाच ठिकाणे घ्यावीत, बेट, तळे, गडाचा बुरूज, आणि खूण त्यांच्यावर पडते का ते पाहावे.

या तपासणीत आम्हाला एक वेगळीच गोष्ट सापडली. सर्व्हेच्या जुन्या नकाशांवरून मोजलेली सगळी ठिकाणे शे-सव्वाशे मीटरांच्या आसपास, एकाच दिशेने सरकलेली होती. हिशेब बिनचूक होता. ते नकाशे पृथ्वीचा आकार ‘एव्हरेस्ट’ या जुन्या मापाने धरतात, आणि मोबाइलमधला जीपीएस डब्ल्यूजीएस ८४ या मापाने. तोच अंश दोन मापांत वेगळ्या जागी पडतो. साठाने भागून हे सुटत नाही, त्यासाठी नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये माप बदलावे लागते. ओळखण्याची खूण एवढीच: रूपांतर चुकले असेल तर बिंदू वेगवेगळ्या दिशांना कमीजास्त विखुरतात, माप चुकले असेल तर सगळे मिळून एकाच बाजूला सरकतात.

शेवटी टिंबानंतर किती आकडे ठेवायचे? कॅल्क्युलेटर १९.९७६६६६६६६७ दाखवतो आणि ते लिहिले की काम फार काटेकोर झाल्यासारखे वाटते. अक्षांशाचे एक सेकंद म्हणजे सुमारे ३१ मीटर. पूर्ण सेकंदांत मोजलेली नोंद त्याहून बारीक काही जाणतच नाही. दशांशाचा चौथा आकडा ११ मीटरांचा, पाचवा एक मीटरचा. चार आकडे पुरतात, पाच ठेवले तर उलटा हिशेब निर्धास्त जुळतो. तिसऱ्या आकड्यावर थांबू नये. तो १११ मीटरांचा असतो आणि मोजलेली सेकंदे त्यात बुडतात.

यादी पूर्ण झाली त्या संध्याकाळी आम्ही पुन्हा लोणारवर बोट ठेवले. खूण सरोवराच्या हिरवट पाण्यावर, जवळजवळ मधोमध होती. बँकवाले थोडा वेळ पडद्याकडे पाहत राहिले आणि म्हणाले, “चाळीस वर्षं व्याज काढलं. साडेसात टक्के कधी ७.३० लिहिले नाहीत. इथेच कसा फसलो?” मग त्यांनीच वहीच्या कोपऱ्यात, मूळ नोंदीला हात न लावता, तिच्या खाली पेन्सिलीने लिहिले: साडेशहात्तर आणि वर किंचित.